गुडघाभर पाण्याचं पान

खरंकाबाईंचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाकडची मंडळी म्हणाली, मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. नवरी मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर गेली. टपरीवाल्याला विचारलं, मग इस्त्रीवाल्याला, मग पोस्टमनला. तिघांना वेगवेगळं गाठलं आणि प्रश्न एकच. तिघंही म्हणाले, मुलगा सोन्यासारखा आहे. झालं! "तिघंही एकच सांगतायत म्हणजे तिघांना पढवून ठेवलंय," असं म्हणून बाईंनी साखरपुडा आठवडाभर लांबवला. यजमान आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "मी निर्व्यसनी आहे हे मला स्वतःला नक्की ठाऊक नव्हतं. हिनं चौकशी केली तेव्हा कळलं."

बाईंचं खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर होतं, पण ते वाचायला कुणी जात नसे. समोरचा काहीही बोलला, अगदी आज गुरुवार आहे म्हणाला, तरी बाई चष्म्यावरून बघून विचारायच्या, "खरं का?" म्हणून त्या खरंकाबाई. बावीस वर्षं एका प्रवासी कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसल्या होत्या. लोक सहलीला जायचे, चिडून परत यायचे आणि बाईंना पत्र लिहायचे. बाई उत्तर द्यायच्या. पत्र लिहिणाऱ्यावरही त्यांचा विश्वास नसे, हे वेगळं सांगायला नको. "ढेकूण चावले म्हणतो. किती? मोजले होते का?" असं त्या पत्रालाच विचारायच्या.

या कंपनीची दरवर्षी एक जाडजूड माहितीपुस्तिका निघे. प्रत्येक ठिकाणाला एक पान. ती पानं लिहायचे एक गृहस्थ, त्यांना सगळे स्वर्गवाले म्हणत. म्हणजे गृहस्थ हयात होते, चांगले गुटगुटीत होते, पण त्यांना कुठलंही ठिकाण दाखवा, ते लिहायचे "पृथ्वीवरचा स्वर्ग". पुस्तिकेत एकूण चाळीस ठिकाणं आणि त्यातले सव्वीस स्वर्ग. उरलेली चौदा "स्वर्गाहून सुंदर".

त्या वर्षी सुट्ट्यांच्या हंगामाआधी मालकांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्रारींची पत्रं ठिकाणवार बांधून ठेवलेली. सगळ्यांत जाड गठ्ठा बाईंनी दारातूनच ओळखला. तो नदीकाठच्या विश्रामगृहाचा होता. ते विश्रामगृह बाईंच्या दादाचं. सख्ख्या थोरल्या भावाचं.

"बाई, एकोणीस पत्रं आहेत," मालक म्हणाले. "पाच पानं काढून टाकायचं ठरवलंय. हे पहिलं."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. दादाकडे येणाऱ्या दहा पाहुण्यांतले नऊ या पुस्तिकेतून येत. पान गेलं की विश्रामगृहाला कुलूप. दादानं तीस वर्षं ट्रक चालवला होता, आता गुडघे गेलेले. या वयात तो काय करणार?

"की एक संधी देऊ?" मालक म्हणाले. "पान नव्यानं लिहा. खरं लिहा, पण माणूस यायला हवा. सुटा कागद छापून जुन्या तीनशे गिऱ्हाइकांना पाठवू. पंधरा दिवसांत आठापैकी सहा खोल्या भरल्या तर पान राहील. आणि लिहायचं तुम्ही."

"मीच का?"

"तुमच्या भावाचं आहे म्हणून."

"म्हणजे पडलं तर मी पाडलं आणि टिकलं तर मी वशिला लावला, असं दोन्हीकडून म्हणायला बरं?"

मालक हसले. "बाई, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तुम्ही त्याच्यावर संशय घेतला असता. आता घ्या स्वतःवर."

बाहेर आल्या तर स्वर्गवाले दारापाशीच. पानं त्यांची होती, तेव्हा गालात पान नसतानाही गाल फुगलेले. "एकोणीस पत्रं आली म्हणजे एकोणीस कुटुंबं गेली होती ना? कुणाच्या लिहिण्यावर गेली?"

"आणि परत कुणाच्या लिहिण्यामुळे येणार नाहीत?" बाई म्हणाल्या.

टेबलाशी बसून बाईंनी आपल्या पद्धतीनं काम काढलं. डावीकडे स्वर्गवाल्यांचं पान ठेवलं, उजवीकडे पत्रं, आणि प्रत्येक तक्रार पुस्तिकेतल्या कुठल्या वाक्यामुळे पेटली ते शोधायला लागल्या. "सर्व खोल्यांतून नदीचे विहंगम दृश्य": सहा तक्रारी. आठापैकी तीनच खोल्यांतून नदी दिसते. "धबधबा अवघ्या पाच मिनिटांवर": पाच तक्रारी. "चोवीस तास गरम पाणी": तीन. "खळाळत्या नदीत नौकाविहाराचा थरार": तब्बल पाच, आणि या पाचही जणांची भाषा अशी, की नावेत न बसताच बुडाल्यासारखी. एकोणिसाव्यापर्यंत आल्या आणि बाई खुर्चीत मागे रेलल्या. गाद्या घाणेरड्या आहेत असं कुणी म्हटलं नव्हतं. जेवण वाईट म्हटलं नव्हतं. वहिनीबद्दल तर दोघांनी चिडलेल्या पत्रातही "मालकीणबाई मात्र प्रेमळ" असं लिहिलं होतं. लोक जागेवर चिडलेच नव्हते, ते वाक्यांवर चिडले होते.

मग बाईंनी झपाट्यानं नवीन पान लिहिलं. मालकांनी ते केबिनमधून मोठ्यानं वाचलं, म्हणजे सगळ्या ऑफिसला ऐकू आलं.

"आठापैकी पाच खोल्यांतून नदी दिसत नाही. धबधबा पाच मिनिटांवर नाही. गरम पाणी दिवसभर मिळत नाही. नाव नाही. अरण्य नाही. रस्ता शेवटी खराब आहे." मालक थांबले. "बाई, हे वर्णन आहे की फिर्याद? हे वाचून मी माझ्या सासूबाईंनासुद्धा तिथं पाठवणार नाही."

ऑफिस हसलं. स्वर्गवाले सगळ्यांत उशिरापर्यंत हसत राहिले.

बाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्या नव्हत्या. खरं लिहिलं होतं, तरी त्यातून काही दिसत नव्हतं, हे त्यांनाही पटलं. त्या पानात काय काय नाही तेवढं होतं. आहे काय, ते बाईंना तरी कुठं ठाऊक होतं? भावाचं घर म्हणून त्या चार वेळा गेल्या होत्या, पण पाहुणीसारख्या. चौकशी करायला कधीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली, पिशवीत शिवणकामाची टेप, यजमानांनी नीट मिळवून दिलेलं घड्याळ आणि वही घेतली आणि पहिल्या बसमध्ये बसल्या.

दादा फाटकातच उभा होता. "ये गं चिमणे! मालकांना सांगितलंस ना दोन शब्द?"

"मी दोन शब्द सांगायला आले नाही. बघायला आलेय."

"काय बघायचं? तुझंच घर आहे."

"त्याचीच तर भीती वाटतेय," बाई म्हणाल्या आणि फाटकापासूनच घड्याळ लावून धबधब्याकडे निघाल्या. दादा मागून ओरडत राहिला, अगं चहा तरी घे. हातात मुद्दाम भरलेली पिशवी, चाल सावकाश, पन्नाशीच्या बाईची. जाताना चाळीस मिनिटं लागली, सगळा चढ. येताना पंचवीस. परतल्यावर घामाघूम होऊन त्यांनी दादाला विचारलं, "पाच मिनिटं कुणी सांगितलं होतं?"

"मीच. ट्रकनं पाचच लागतात."

"ट्रकला रस्ता आहे का तिथं?"

"असता तर पाचच लागली असती," दादा म्हणाला. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

गरम पाणी परसातल्या मोठ्या बंबातून नळाला येत होतं, वहिनी तो पहाटे एकदाच पेटवायची. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून दर अर्ध्या तासानं नळाखाली बोट धरलं. नवापर्यंत कडक, दहाला कोमट, पुढे राम राम. पुस्तिकेतलं "अरण्य" म्हणजे सरळ रांगेत लावलेली एका जातीची झाडं. बाईंनी एक रांग मोजून बघितली, बेचाळीस. नाव होती, पण उपडी, आणि तिच्याखाली मांजरीनं पिल्लं घातली होती.

दुपारी बाईंनी पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही मागितली. पानं उलटता उलटता एका ठिकाणी त्यांचं बोट अडलं. मग मागे गेल्या, तिथंही तेच. तीन वर्षांत तीन नोंदी, एकच अक्षर, थोडं थरथरतं. तिसरी अशी होती: "यंदाही आलो. दोन्ही नाती दिवसभर पाण्यात. मी काठावर चटई टाकून छान झोपले."

बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "दादा, हे कुणी लिहिलं?"

"अगं, त्या एक आजी येतात."

"खरं का? पुस्तिकेत काय, तर खळाळती नदी, थरार. आणि इथं एक आजी नातींना त्या थरारात सोडून घोरतायत? अशी कुठली आजी असते? की तूच डाव्या हातानं लिहिलंस?"

दादाचा चेहरा उतरला. तो खुर्चीवरून उठला, गुडघे धरून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनी तांदूळ निवडत होती, तिनं ताट बाजूला ठेवलं. "वन्सं, एक बोलू? तुमचे दादा पुस्तिकेत खोटं बोलले असतील, वहीत नाही. त्यांना डाव्या हातानं घास घेता येत नाही, अक्षर कुठलं काढतायत."

"मग नंबर द्या त्या आजींचा."

"लावा की. मीच लावून देते."

फोन लागला. पलीकडून आवाज आला तोही संशयीच, बाईंना एकदम बरं वाटलं. "कोण बोलतंय? कशाला पाहिजे?"

बाईंनी सांगितलं, कंपनीतून बोलतेय, चौकशी आहे. "तुम्ही नदीकाठी झोपता म्हणे. मुलींना पाण्यात सोडून."

"हो, मग?"

"भीती नाही वाटत?"

"कशाची? पाणी गुडघाभर तर आहे! माझ्या गुडघ्याला नाही हो, धाकटीच्या. खाली गोल गोटे, माती नाही, शेवाळ नाही. दोनशे पावलं चाला, तेवढंच पाणी. घरी मी दिवसभर 'पडशील, पडशील' करत असते, तिथं तोंड मिटून झोपते. मुली म्हणतात, आजी तिथं ओरडत नाही म्हणून तिथंच जाऊ." मग त्या थांबल्या. "पण तुमच्या पुस्तकातलं वाचून मी गेले नव्हते हं. ते वाचलं असतं तर गेलेच नसते. माझी भाची चुकून त्या रस्त्याला लागली, तिनं सांगितलं."

बाईंनी फोन ठेवला. मग दाराशी जाऊन आत डोकावून म्हणाल्या, "दादा, नदीत पाणी गुडघाभरच आहे?"

आतून नुसती खाटेची कुरकुर ऐकू आली.

"दादा!"

"आहे," आतून आवाज आला. "मग काय करू? नदी म्हणायची आणि पाणी गुडघाभर! तीन वर्षं झाकतोय मी ते. स्वर्गवाले आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, खोल किती? मी म्हणालो, खळाळती आहे. लाज वाटली गं. गावात जसा गरिबीचा डाग झाकतात ना, तसं झाकलं."

वहिनी म्हणाली, "मी म्हणत होते, सांगून टाका."

"तू सगळंच सांगून टाक म्हणतेस."

बाई मात्र पाण्याकडे निघाल्या होत्या. आजी म्हणाल्या म्हणून लिहायचं? त्रिवार नाही. आजी एक साक्षीदार झाल्या, अजून दोन हवेत. बाईंनी पलीकडच्या मळ्यातल्या बाईला गाठलं, मग सायकलवरून येणाऱ्या पोस्टमनला. दोघांना एकच प्रश्न, एकमेकांच्या नकळत: "पाणी किती, आणि कधी नाही?" मळ्यातली बाई म्हणाली, पावसाच्या चार महिन्यांत उतरूच नका, गढूळ होतं आणि एका रात्रीत चढतं. एरवी शेळ्या पार करतात. पोस्टमन म्हणाला, मी सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जातो, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली की पुरे. "पण वळणावरच्या काळ्या खडकापलीकडे नका जाऊ बाई. तिथं डोह आहे."

"किती?"

"माझी सायकल गेली होती एकदा. ती वर काढायला दोन पोहणारे लागले."

बाईंनी साडी खोचली, वहिनीकडून कपडे वाळत घालायची काठी घेतली, टेप लावून तिच्यावर वितीवितीच्या खुणा केल्या आणि पाण्यात उतरल्या. दर दहा पावलांना काठी टेकायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, काठावर वहिनी लिहिणार. एक वीत. दीड वीत. दोन. परत दीड. गोटे खरंच गोल होते, पायाला गुदगुल्या होत होत्या, आणि एकदा बाईंना चक्क हसू आलं, ते त्यांनी वहिनी लिहिण्यात गुंतली आहे बघून मगच पुरतं हसून घेतलं. एकशे नव्वद पावलं झाली आणि काळा खडक आला. बाईंनी खडकाला घट्ट धरून पलीकडे काठी सोडली. काठी सगळी गेली. हात कोपरापर्यंत गेला. तळ लागला नाही.

त्या तिथंच अर्धा मिनिट थांबल्या. मग काठी ओढून मागं फिरल्या, काठावर येऊन म्हणाल्या, "वहिनी, लिहा. खडकापलीकडे तळ नाही."

संध्याकाळच्या चहाला खरी ठिणगी पडली. दादाची लाज बाईंनी अर्धी घालवली होती. गुडघाभर पाणी लिहायला तो तयार झाला होता, उलट खुलला होता. पण डोहाचं नाव निघताच कप खाली ठेवला.

"ते लिहायचं नाही."

"लिहिणार."

"अगं, लहान मुलांची जागा म्हणायचं आणि खाली डोह लिहायचा? कुठली आई येईल? सहा खोल्या भरायच्यात ना तुला?"

"मला नाही, तुला भरायच्यात."

"मग माझं ऐक! मी सांगतो की पाहुण्यांना, आले की पहिल्या दिवशी. तोंडी सांगतो."

"तोंडी तू पाच मिनिटंही सांगतोस," बाई म्हणाल्या.

दादानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "माझ्याकडे कशाला बघता? मी तर सगळंच सांगून टाक म्हणते."

दादा त्या दिवशी बहिणीशी पुढे एक शब्द बोलला नाही. निघताना फाटकापर्यंतही आला नाही. बसमध्ये बाईंना पहिल्यांदाच स्वतःचा संशय आला. आपण खरं बोलायचं म्हणून लिहितोय की भावापेक्षा खरी ठरायचं म्हणून? पण काठी खाली जात राहिली होती तो क्षण आठवला, की प्रश्न मिटत होता.

ऑफिसात त्यांनी नवीन पान लिहायला घेतलं आणि परत अडकल्या. गुडघाभर पाणी, डोह, धबधबा, नळ, सगळं एका ओळीत आलं की पुन्हा फिर्यादच व्हायची. तासभर खाडाखोड केल्यावर त्यांनी जन्मात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. उठून स्वर्गवाल्यांच्या टेबलाशी गेल्या.

"तुम्हाला लोकांना बोलावता येतं," बाई म्हणाल्या. "मला फक्त सावध करता येतं. हे बघा जरा."

स्वर्गवाल्यांनी आधी मागे बघितलं, बाई दुसऱ्या कुणाशी बोलतायत की काय. मग कागद घेतला, दोनदा वाचला. "बाई, ही आजी कुठे मिळाली तुम्हाला? काठावर झोपणारी?"

"फोनवर."

"आणि तुम्ही तिला पाचव्या ओळीत टाकलीत! अहो, ती पहिली ओळ आहे. माणूस आधी स्वतःला तिथं बघतो, मग बाकीचं वाचतो. आणि प्रत्येक उणिवेला नुसतं 'नाही' म्हणून सोडू नका. मग काय करायचं ते त्याच दमात सांगा. पाणी नवापर्यंतच गरम? मग लिहा, आंघोळी नवाच्या आत उरका, नंतर नदी आहेच."

"हे खरं आहे," बाई म्हणाल्या.

"खरं का?" स्वर्गवाले म्हणाले, आणि दोघंही हसले. पण लगेच त्यांनी पेन उचललं. "इथं शेवटी 'स्वर्ग' तेवढा..."

"हात लावाल तर बघा."

तीन दिवस दोघं एका टेबलाशी बसले. एक शब्द बाई काढायच्या, एक स्वर्गवाले घालायचे. फोटोवरून तर महाभारत झालं: जुना फोटो छायाचित्रकारानं पाण्यालगत आडवं पडून, रुंद भिंगातून काढला होता, त्यात ओढ्याचा समुद्र दिसे. बाईंनी नवा फोटो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढायला लावला, पाण्यात वहिनी उभी, म्हणजे वाचणाऱ्याला खोली आपोआप कळावी. शेवटी पान झालं ते असं:

"इथली नदी गुडघाभर आहे. तळाशी गोल गोटे, एकशे नव्वद पावलांपर्यंत पाणी तेवढंच. लहान मुलं दिवसभर त्यात असतात आणि त्यांच्या आज्या काठावर झोपतात. वळणावर काळा खडक आहे, त्यापलीकडे खोल डोह आहे. तिकडे कुणीही जाऊ नये. पावसाच्या चार महिन्यांत नदीत उतरता येत नाही, तेव्हा विश्रामगृह बंद असतं. आठ खोल्या, तीन नदीकडच्या, पाच झाडांकडच्या. हवी ती बुकिंगच्या वेळी मागून घ्या, झाडांकडच्या थंड असतात. गरम पाणी सकाळी नवापर्यंत, पुढे नदी आहेच. धबधबा चाळीस मिनिटांच्या चढावर, येताना पंचवीस. सकाळी लवकर निघावं. नाव नाही. शेवटचा रस्ता खडबडीत आहे, सावकाश या. थरार हवा असेल तर आमची दुसरी ठिकाणं आहेत. इथं निवांतपणा आहे, आणि मालकीणबाईंचं जेवण."

पावसात बंद ठेवायचं हे वहिनीनं फोनवर स्वतः कबूल केलं. दादा फोनवर आला नाही.

तीनशे कागद पोस्टात पडले. पहिले सहा दिवस फोन वाजला तो सगळा दुसऱ्या ठिकाणांसाठी. बाई टेबलावरून मान न हलवता फोनकडे बघायच्या. सातव्या दिवशी एक बुकिंग आलं, आणि बाईंनी ताबडतोब विचारलं, "तुम्ही आमच्या दादांच्या नात्यातले का?" पलीकडचा माणूस गोंधळला. "कुठले दादा?" बाईंचा विश्वास बसायला दहा मिनिटं लागली. त्यांनी नाव, पत्ता, मुलं किती, वय काय, सगळं लिहून घेतलं. दोन मुलं होती, एक चार वर्षांचं, एक सहा. मग दुसरं. तिसरं त्या थरथरत्या अक्षराच्या आजींनी सुचवलेल्या शेजारणीचं, ते मोजायचं की नाही यावर बाई आणि मालक भांडले. बाई म्हणाल्या, मोजू नका. मालक म्हणाले, मोजतो.

चौदाव्या दिवशी पाच खोल्या झाल्या होत्या. दुपारी एका बाईचा फोन आला. आवाज अगदी धारदार. "तो डोह किती खोल आहे?"

खरंकाबाईंनी वहीतल्या नोंदीवर बोट ठेवलं. दादाचा चेहरा समोर आला. "काठीला तळ लागला नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे माणूस बुडेल."

"बुडेल."

"मुलं तिथपर्यंत जाऊ शकतात?"

"पाण्यातून चालत एकशे नव्वद पावलं. अडवायला तिथं काही नाही, नुसता खडक आहे. लक्ष ठेवावं लागेल."

 स्वर्गवाले आपल्या टेबलावरून मान वाकडी करून ऐकत होते.

"गेल्या वर्षी आम्ही एका ठिकाणी गेलो," त्या बाई म्हणाल्या. "पोहण्याचा सुरक्षित तलाव, असं छापलं होतं. माझा मुलगा पहिल्याच पावलाला गटांगळ्या खायला लागला. तिथल्या माणसाला विचारलं, तर तो म्हणतो, सगळ्यांना माहीतच आहे. आम्हाला कुणी सांगितलं होतं?" त्या थांबल्या. "दोन खोल्या द्या. एक नदीकडची. माझी बहीण येतेय, तिची तीन मुलं आहेत. खडकापाशी मी स्वतः खुर्ची टाकून बसेन."

बाईंनी सात हा आकडा वहीत लिहिला. मग खोडला, परत नीट मोजून लिहिला. स्वर्गवाले उठून मालकांच्या केबिनकडे पळाले. एवढ्या वेगानं त्यांना पळताना ऑफिसनं पहिल्यांदाच पाहिलं.

त्याच संध्याकाळी बाईंनी दादाला फोन केला. वहिनीनं उचलला, पण मागून दादाचा आवाज आला, दे इकडे.

"सात खोल्या भरल्या, दादा. पान राहिलं."

"हं," दादा म्हणाला.  मग म्हणाला, "डोह वाचून कुणी विचारलं का?"

"एकीनं. तिनंच दोन खोल्या घेतल्या."

"हं." दादानं खाकरून घसा साफ केला. "मी परवा तिथं दोरी बांधली. खडकापासून पलीकडच्या झाडापर्यंत. ट्रकचा माल बांधायची जाड दोरी होती ना, ती. लाल फडकी लावलीत मध्ये मध्ये. पाण्यात उतरलो होतो मी, गुडघे दुखतात तरी." तो जरा थांबला. "चिमणे, ते पुढच्या छपाईत लिही. डोहाला दोरी बांधलेली आहे म्हणून."

"बघितल्याशिवाय नाही लिहिणार."

"अगं, मी सांगतोय ना!"

"गाठ कशी मारलीयस? पाणी चढलं की टिकेल का? फडकी लांबून दिसतात का?"

"फोटो पाठवतो!"

"फोटोवर तर अजिबात नाही."

फोनच्या पलीकडे वहिनी हसत होती ते ऐकू येत होतं. दादा चिडून म्हणाला, "मग ये आणि ओढून बघ. दोन्ही हातांनी लोंबकळ हवं तर!"

"रविवारी येते," बाई म्हणाल्या आणि डोहाचा तळ लागेल अशी, वहिनीच्या काठीहून लांब काठी पिशवीत मावणार नाही, तर ती बसमध्ये कशी न्यायची, याचा विचार करायला लागल्या.